दहा कडवी, दहा पायऱ्या

वैनगंगेच्या काठावर, भंडाऱ्याच्या समोर, कारध्याला आमचं घर आहे. गेल्या डिसेंबरात लेकीला दहा वर्षं पूर्ण झाली. केक, फुगे, पाहुणे हे सगळं होणारच होतं. तिच्या आईच्या मनात मात्र आलं की दर वर्षाची एक आठवण घेऊन दहा कडव्यांची कविता करावी आणि त्या संध्याकाळी दोघांनी मिळून ती वाचावी. एका रविवारी होऊन जाईल, असं मला वाटलं होतं. दीड महिना लागला, आणि बहुतेक वेळ शब्द जुळवण्यात नाही, तर एकमेकांच्या आठवणी तपासण्यात गेला.

मोजत जाणारी कविता आपल्याला नवी नाही. कृष्णाच्या, रामाच्या, शिवबाच्या पाळण्यात दिवस मोजले जातात, आणि ते मोजणं बारशाच्या बाराव्या दिवशी येऊन थांबतं. डोहाळ्यांच्या गाण्यात महिने मोजतात. जात्यावर बसलेली बाई पहिली ओवी एकाला, दुसरी दुसऱ्याला देत पुढे जाते. आकडा ही गाणारीच्या स्मरणाची खुंटी आहे. पाचवं आलं की सहावं आपोआप ओठांवर येतं. पण पाळण्यात कुठल्या दिवशी काय घडलं हे आधीच ठरलेलं असतं, ते आठवावं लागत नाही. आणि ज्याच्यासाठी गायचं तो झोपलेला असतो. वऱ्हाडातले कवी ‘बी’ यांची ‘माझी कन्या’ घ्या. मुलगी रडत आली आहे, पण बोलतो तो बापच. दहा वर्षांची मुलगी मात्र समोर बसून ऐकते आणि मध्येच म्हणते, ‘असं नव्हतं झालं.’ या कवितेची खरी अडचण तिथे सुरू होते.

पहिला घोळ मोजण्यातच झाला. पहिलं वर्ष म्हणजे पहिल्या वाढदिवसाच्या आधीचे बारा महिने, हे कळायला आम्हाला दोन दिवस लागले. तोवर आम्ही पहिल्या वाढदिवसाला पहिलं वर्ष समजत होतो, त्यामुळे सगळ्या आठवणी एक घर मागे सरकल्या होत्या. शिवाय मूल डिसेंबरातलं, शाळेचं वर्ष जूनचं, फोनमधले फोटो जानेवारी ते डिसेंबर लावलेले. तीन पंचांगं आणि एक कविता.

तिचा पहिला शब्द ‘पानी’. आईच्या मते तो पहिल्या वाढदिवसाआधीचा. माझी आई म्हणाली, ‘नाही, सुई टोचून आनली तवा, अंगात ताप होता, तवा मागितलं.’ लसीकरणाचं कार्ड काढलं. नवव्या महिन्याला गोवरची लस होती, पण पोरीला ताप आला तो सोळाव्या महिन्यानंतरच्या बूस्टरला, एप्रिल 2017 मध्ये. आजी बरोबर होती. कडवं पहिल्यातून दुसऱ्यात गेलं आणि पहिलं वर्ष रिकामं पडलं. ते मग तिच्या आईने एकटीने लिहिलं, रात्रींवर. त्यात मला शिरकाव नव्हता.

दुसऱ्या कडव्यात वेगळीच पंचाईत झाली. आमच्या झाडीबोलीत ‘ण’ नाही. आजी ‘पानी’ म्हणते, म्हणून नातही तेच म्हणाली. कागदावर आल्यावर माझ्या हाताने आपसूक ‘पाणी’ लिहिलं. ती दुरुस्ती नव्हती, खोटेपणा होता. शेवटी कडवं असं झालं:

आजी म्हणे, ‘घे गं पानी’
तूही म्हणालीस ‘पानी’
शाळा लिहवेल ‘पाणी’
घरी वाहू दे ते ‘पानी’

ओळीत आठ अक्षरं, एवढाच नियम आम्ही धरला होता. यमकाचा आग्रह लवकरच सोडला. का, ते पुराच्या कडव्यात कळलं.

पूर आमच्या घरात कॅलेंडरसारखा वापरला जातो. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस मध्य प्रदेशातल्या संजय सरोवरातून सोडलेलं पाणी आलं, खाली गोसीखुर्दचे सगळे, म्हणजे 33 दरवाजे उघडले, तरी भंडारा आणि नदीकाठची गावं पाण्यात गेली. ऑगस्ट 2022 मध्ये पुन्हा. पाचव्या वर्षाचं कडवं म्हणजे 2020 चा पूर, यावर घरात कुणालाच शंका नव्हती. अंगणातून माडीवर जाणारा आमचा दहा पायऱ्यांचा जिना आहे. पाणी एकेक पायरी चढत होतं, मी तिचा हात घट्ट धरला होता आणि ती उरलेल्या पायऱ्या मोजत हसत होती. मी लिहिलं:

पूर आला अंगणात
पायरीला चढे पाणी
मोजत तू हसलीस
जणू जलपरी राणी

चौथी ओळ वाचून तिची आई एवढंच म्हणाली, ‘ही जलपरी कुठून आली?’ आली होती ‘पाणी’ला जोड शोधताना. ‘राणी’ सापडली आणि तिच्यामागून परी आली. त्या दिवशी जिन्यात परीबिरी कुणी नव्हती. ओला फ्रॉक घातलेली, चिखलाने माखलेली पोरगी होती. आईबापांच्या कवितेत यमक हा सगळ्यात गोड बोलणारा खोटा साक्षीदार असतो. तो काढला आणि प्रत्यक्षात काय दिसत होतं ते आठवू लागलो, तेव्हा मला तिचं हसणं दिसलं. पुढचे दोन दात नव्हते.

पावणेपाच वर्षांच्या मुलीचे पुढचे दात सहसा पडलेले नसतात. ते सहा-सात वर्षांच्या सुमाराला पडतात. म्हणजे जिना 2022 चा, सातव्या वर्षाचा. मग 2020 मध्ये ती कुठे होती? शाळा बंद होत्या म्हणून आठ दिवसांपासून साकोलीला, मामाकडे. ती पूर बघायला इथे नव्हतीच.

हे तिला सांगितलं तर ती चिडली. ‘मी होते. बाबांच्या खांद्यावर बसले होते. फोटो आहे.’ फोटो खरंच आहे. छातीभर पाण्यात पाठमोरा माणूस आणि खांद्यावर पाठमोरी पोर. पण फाइलचं नाव `IMG-20200831-WA0007.jpg` आहे. त्यातलं `WA` सांगतं की तो आमच्या कॅमेऱ्याने काढलेला नाही, व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला आहे. आणि ती तारीखही फोटो काढल्याची नसून आमच्या फोनवर उतरल्याची. माणूस मी नाही, पोर ती नाही. कुठल्याशा ग्रुपवरून आलेलं ते चित्र तिने वर्षानुवर्षं पाहिलं, आणि ‘ही मीच ना?’ असं तिने कधीतरी विचारलं तेव्हा आमच्यापैकी कुणीतरी हसून हो म्हटलं असणार.

तिचं यात काही चुकलं असं मला वाटत नाही. 2002 साली मानसशास्त्रज्ञांनी वीस प्रौढांना त्यांच्याच लहानपणाचे फोटो दाखवले. त्यातला एक बनावट होता, लहानपणी गरम हवेच्या फुग्यात बसल्याचा. तीन भेटींनंतर त्यांच्यापैकी निम्म्या लोकांना ती न झालेली सफर थोडीफार आठवू लागली होती. मोठ्यांचं हे असं, तर मुलांचं काय! अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात आयांनी तीन वर्षांच्या मुलांशी नुकत्याच घडलेल्या प्रसंगांवर गप्पा मारल्या, आणि पुढे वेगवेगळ्या वयांत त्या मुलांना तेच प्रसंग विचारले गेले. पाच ते सात वर्षांच्या मुलांना साठ टक्क्यांहून जास्त प्रसंग आठवत होते. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना चाळीस टक्क्यांहून कमी. बालपण विसरणं हे म्हातारपणी होत नाही, ते दहाव्या वाढदिवसाच्या उंबरठ्यावरच बरंचसं उरकलेलं असतं.

म्हणून दहाव्या वर्षीची ही कविता मला भेटकार्डासारखी वाटत नाही. आपण ती नेमकी अशा वेळी वाचतो, जेव्हा पहिली तीन-चार वर्षं मुलाच्या डोक्यातून पुसली गेलेली असतात आणि तिथे जे लिहू ते उमटणार असतं. पुढे ती विशीत, तिशीत कुणाला तरी ‘माझा पहिला शब्द’ सांगेल, तो आमच्या कडव्यातून सांगेल. त्या जागी जलपरी ठेवली तर जलपरीच राहील. कविता आहे, थोडं इकडेतिकडे चालायचंच, असं एक मित्र म्हणाला. कवीला चालत असेल. साक्षीदाराला चालत नाही, आणि त्या पहिल्या वर्षांचे साक्षीदार आम्ही दोघं आणि आजी, एवढेच आहोत.

शेवटच्या वर्षांची गोष्ट उलटी आहे. आठव्यापासून पुढचं तिला आमच्याइतकंच, काही वेळा जास्त आठवतं. तिथे आमची साक्ष तिच्या बरोबरीची. म्हणून ती कडवी आम्ही तिला विचारून लिहिली, आणि त्यात गुपित राहिलं नाही याचं मला वाईट वाटलं नाही. मग वाटलं, तिला न आठवणाऱ्या वर्षांवरही तिचा हक्क आहेच की. तिसऱ्या वर्षाच्या कडव्यात साकोलीच्या एसटीतला एक ओला प्रसंग होता. आम्हाला तो फार लाडका. तिने ऐकला आणि म्हणाली, ‘हे पाहुण्यांसमोर नको.’ आठवण आमची असेल, फजिती तिची होती. ते कडवं गेलं. त्याजागी दिवाळीनंतरच्या मंडईत घेतलेली आणि रात्रभर वाजवलेली पिपाणी आली. कविता म्हणून ते आधीच्यापेक्षा फिकं आहे, हे मान्य.

पाचवं कडवं शेवटी तिच्या नसण्याचं झालं:

तू नव्हतीस त्या रात्री
साकोलीला होतीस तू
फोनवर पुसलेस
‘सायकल बुडाली का?’

हा प्रश्न तिच्या मामाला आठवत होता, मला नाही. सायकल बुडाली होती. आणि जिना सातव्यात गेला:

चार पायऱ्या बुडाल्या
पाचवीवर तू उभी
दात नव्हते पुढचे
‘सहा’ म्हणताना शीळ

दहातल्या चार बुडाल्या, सहा उरल्या. दात नसल्यामुळे ‘सहा’मधून वारा गेला आणि शीळ वाजली. दोन्हींत यमक नाही. पहिल्या मसुद्यापेक्षा ही कडवी बरी आहेत असं मला वाटतं, आणि ती आम्ही जास्त चांगले कवी झालो म्हणून बरी झालेली नाहीत.

वाढदिवसाच्या संध्याकाळी वाचन झालं. आई एक कडवं, मी एक. सातव्याला तिने हात वर केला, शाळेत करतात तसा. ‘तीन पायऱ्या. मी चौथीवर होते. आणि मी सात म्हणाले होते.’ पाहुणे हसले. मी मनातल्या मनात अक्षरं मोजली. ‘तीन पायऱ्या बुडाल्या’, आठ. ‘चौथीवरती तू उभी’, आठ. ‘सात म्हणताना शीळ’, तीही आठ. शीळ ‘सात’लाही वाजलीच असती. दहातून तीन गेल्या की सात, हिशेबही तिचा चोख. जिन्याच्या भिंतीवर पाण्याची रेघ उमटली होती, ती पाहिली असती तर निकाल लागला असता. पण पुरानंतरच्याच दिवाळीत आम्ही भिंतीला चुना मारला होता.

कागदावर माझ्या अक्षरात शाईने ‘चार’ आहे आणि त्याच्या डोक्यावर तिच्या अक्षरात पेन्सिलने ‘तीन’.