ओटी कोण भरणार?

बोरिवलीच्या आय. सी. कॉलनीत परवा एक साखरपुडा झाला. मुलगी ईस्ट इंडियन कॅथलिक, मुलगा हिंदू. सुरुवातीला दोन शब्द बोलायचं काम मुलाच्या मामांकडे होतं. ते सोपं वाटावं असंच होतं, कारण दोन्ही घरांची भाषा मराठी. ईस्ट इंडियन ही साष्टी-मुंबईतली मूळचीच माणसं. हे इंग्रजी नाव त्यांनी १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी घेतलं. त्यांच्याही लग्नात मांडव पडतो, बँडच्या तालावर विहिरीवरून ‘उंबराचं पाणी’ आणतात. अशा वेळी यजमान हमखास म्हणतो, “आपलं सगळं सारखंच आहे हो!”

मामांनी ते टाळलं. “फादर अंगठ्यांना आशीर्वाद देतील, पवित्र पाणी शिंपडतील. तेव्हा आपण उभे राहू. प्रार्थना म्हणायलाच हवी असं नाही. मग टोस्ट होईल. वाइन नको असेल त्यांनी कोकम सरबताचा ग्लास उंचवावा. आमच्याकडे मुलीला साडी आणि साखरेचा पुडा देतात, खण-नारळ-तांदळांनी ओटी भरतात. कुंकवाचं तिला कालच विचारलंय, ती लावून घेणार आहे. तिच्या आजींना मात्र नको आहे, तेव्हा त्यांना कुणी आग्रह करू नका.” काय होणार आणि कुणी काय नाही केलं तरी चालेल, एवढंच पाहुण्याला हवं असतं. एकोप्यावरचं व्याख्यान कुणाला हवंय?

“ओटी सवाष्णी भरतात,” असं ते म्हणाले आणि मुलीच्या आत्याने सहज विचारलं, “सवाष्णी म्हणजे कोण?” मामा थांबले. उत्तर द्यायचं तर ‘जिचा नवरा हयात आहे ती’ असं म्हणावं लागणार होतं, आणि मुलाची विधवा आई समोरच बसली होती. आपसांत हा नियम कुणी कधी उच्चारत नाही. ती बाई आपणहून मागे सरते आणि सगळे ते समंजसपणा म्हणून खपवतात. आत्याबाईंच्या प्रश्नाने ती सोय उरली नाही. मामा म्हणाले, “पहिली ओटी माझी बहीण भरेल.” तिने भरली. माझ्या मते त्या संध्याकाळचं खरं काम तेवढंच झालं.

एक विषय मामांनी काढला नाही, आणि तो तिथे काढायचाही नसतो. चर्चमध्ये लग्न करायचं तर बाप्तिस्मा न झालेल्या जोडीदारासाठी बिशपांच्या कार्यालयाची खास परवानगी लागते. मुलांना कॅथलिक श्रद्धेत वाढवण्यासाठी आपल्याकडून होईल ते करीन, असं वचन कॅथलिक जोडीदार देतो आणि दुसऱ्याला त्याची कल्पना द्यावी लागते. १९५४च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न केलं तर असं वचन नसतं, तीस दिवसांची नोटीस असते. धर्म बदलण्याची सक्ती दोन्हीकडे नाही. यातला कोणता मार्ग घ्यायचा, हे हॉल ठरवण्याआधी दोन्ही घरांनी बसून बोलून घ्यावं.