राजीनाम्याचे दुसरे पान

शिक्षकाचा राजीनामा बहुधा एका परिच्छेदाचा असतो. ‘वैयक्तिक व कौटुंबिक कारणास्तव मी माझ्या पदाचा राजीनामा देत आहे, तरी तो मंजूर करावा ही विनंती.’ खाली सही आणि तारीख. मुख्याध्यापक ते वाचून पहिला प्रश्न विचारतात, ‘बाई, दहावीचं काय?’ या प्रश्नाचे उत्तर पत्रात नसते. कायद्याने ते मागितलेलेही नाही. वर्गाच्या दृष्टीने मात्र राजीनाम्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग तोच आहे.

आधी कायद्याचे पाहू. महाराष्ट्रातल्या खासगी शाळांना १९७७ चा सेवाशर्ती अधिनियम आणि त्याखालची १९८१ ची नियमावली लागू आहे. अधिनियमाच्या कलम ७ नुसार शिक्षकाने राजीनाम्याच्या दोन प्रती तयार करायच्या, दोन्हींवर सही करून तारीख घालायची, एक नोंदणीकृत टपालाने व्यवस्थापनाकडे पाठवायची आणि दुसरी स्वतःजवळ ठेवायची. पत्र व्यवस्थापनाला जाते, हे इथे लक्षात घ्यावे. मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवलेला कागद संस्थेच्या सचिवांपर्यंत पोचला नाही, तर नोटीस नेमकी कधी सुरू झाली यावरून पुढे वाद होतो. म्हणून पत्रावर ‘मा. सचिव’ आणि त्याखाली ‘मार्फत: मा. मुख्याध्यापक’ असे लिहावे, आणि आवक क्रमांक घातलेली पोच घ्यावी. या कलमाने शिक्षकाचेही रक्षण होते. सही घेऊन ठेवलेल्या कोऱ्या कागदावर नंतर राजीनामा उमटल्याच्या तक्रारी शाळा न्यायाधिकरणापुढे येतात, तेव्हा टपालाची पावती आणि जवळची प्रत हाच आधार असतो.

मुदत नियम ४० मध्ये आहे. कायम शिक्षकाला तीन कॅलेंडर महिन्यांची नोटीस द्यावी लागते, कायम नसलेल्याला एका महिन्याची. व्यवस्थापनाने परवानगी दिली तर तेवढ्या महिन्यांचे भत्ते वगळून वेतन भरून लवकर जाता येते. मात्र नोटीस पुरी न होता आणि ती रक्कमही न घेता सोडले, तर ती शाळेच्या अनुदानातून कापली जाते. ‘बघू, सोडू तुम्हाला’ हे शब्द अनुदानित संस्थेकडून सहज मिळत नाहीत, त्यामागे हा हिशोब असतो.

याच नियमातली एक अट फारशी कुणाला ठाऊक नसते. सुट्टीचा हक्क असलेल्या शिक्षकाला सुट्टीत नोटीस देता येत नाही, सुट्टीचा कोणताही भाग नोटिशीत येऊन चालत नाही, आणि पहिले सत्र सुरू झाल्यापासून महिनाभर नोटीस देता येत नाही. ही अट कॅलेंडरवर मांडून पाहावी. शाळा जूनच्या मध्याला सुरू झाली, तर जुलैच्या मध्यापर्यंत हात बांधलेले. तिथून तीन महिने म्हणजे ऑक्टोबरचा मध्य. २०२५ साली लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होते, म्हणजे दिवाळीची सुट्टी दाराशीच आलेली. विदर्भात उन्हाळ्यामुळे शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात. तिथल्या कायम शिक्षकाला अशा वर्षी पहिल्या सत्रात पूर्ण मुदतीची नोटीस देण्याजोगा दिवसच उरत नाही. दुसऱ्या सत्रात दिवाळीनंतर शाळा भरल्यापासून साधारण जानेवारीअखेरपर्यंत नोटीस देता येते, कारण मे महिन्यात पुन्हा सुट्टी लागते.

हा नियम जाचक वाटतो, पण त्यामागचा विचार वर्गाचा आहे. सुट्टीचे पाच-सहा आठवडे नोटिशीत मोजले गेले, तर शाळेच्या हाती शिकवण्याचे जेमतेम पावणेदोन महिने उरतील. तीन महिने शिकवण्याचेच मिळावेत, असा त्याचा रोख दिसतो. दुखणे वेगळेच आहे. या तीन महिन्यांत नवा शिक्षक येईलच असे नाही. अनुदानित शाळांतली भरती पवित्र पोर्टलमार्फत होते आणि रिकामी जागा शाळेच्या घाईने भरत नाही. तोवर वर्ग सांभाळतात ते त्याच शिक्षकखोलीतले सहकारी, किंवा तासिका तत्त्वावर आलेली एखादी व्यक्ती. म्हणून राजीनाम्यासोबत द्यायचा हस्तांतराचा आराखडा न आलेल्या वारसदारासाठी लिहून भागत नाही. नववीचे गणित घेणाऱ्या शेजारच्या सरांच्या हाती तो उद्या पडणार आहे, असे धरूनच तो लिहावा लागतो.

एक उदाहरण कल्पून पाहू. दहावीला विज्ञान शिकवणाऱ्या, दहावी ‘ब’च्या वर्गशिक्षिका असलेल्या बाईंना दिवाळीआधी शाळा सोडायची आहे. वर्ष २०२६ सारखे, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. त्या १ ऑगस्टला पत्र देतात आणि शेवटचा कामाचा दिवस ३१ ऑक्टोबर असा स्पष्ट लिहितात. ‘नोटीस संपल्यावर’ असे मोघम लिहीत नाहीत. पत्राचे पहिले पान इथे संपते.

दुसऱ्या पानावर, म्हणजे आराखड्यात, आधी अभ्यासक्रम कुठे तोडायचा ते येते. विज्ञान भाग १ मध्ये पाचवे प्रकरण उष्णता, सहावे प्रकाशाचे अपवर्तन, सातवे भिंगे व त्यांचे उपयोग. वार्षिक नियोजनानुसार ऑक्टोबरअखेर सहावे प्रकरण संपणार असेल, तर ‘सहा प्रकरणे पूर्ण, उरलेली चार पुढच्या शिक्षकाकडे’ असे लिहिणे सोपे आहे. पण विभागणीसाठी ती जागा वाईट आहे. अपवर्तनात किरण कुठे वळतो हे ज्याने फळ्यावर काढून दाखवले, त्यानेच भिंगाचे सूत्र शिकवलेले बरे. भिंगाच्या गणितांत कार्टेशियन चिन्ह संकेतानुसार वस्तूचे अंतर ऋण घ्यावे लागते. एका शिक्षकाने किरणाकृती एका पद्धतीने काढली आणि दुसऱ्याने गणित वेगळ्या पद्धतीने मांडले, तर मुले सूत्र बरोबर लिहून चिन्ह चुकवतात. उत्तरपत्रिकेत हे लगेच दिसते: सूत्र बरोबर, प्रतिमेचे अंतर मात्र चुकलेले. म्हणून बाईंनी एक तर पाचव्यानंतर थांबून पुढचा प्रकाशाचा सगळा भाग एका हाती द्यावा, आणि उरलेल्या तासांत कच्च्या मुलांची रासायनिक समीकरणे पुन्हा घ्यावीत. किंवा जादा तास घेऊन सातवे प्रकरणही स्वतः संपवावे. यातला कोणता मार्ग धरला हे आराखड्यात लिहिलेले असावे.

विज्ञानाचे २० गुण प्रात्यक्षिकाचे असतात, आणि वाटेत हरवायला ते सोपे असतात. कोणते प्रयोग झाले, कुणाच्या प्रयोगवहीवर सही बाकी आहे, कोण त्या दिवशी गैरहजर होते, याची नावनिशीवार यादी केली नाही तर पुढचा शिक्षक ऐन परीक्षेच्या तोंडावर कोऱ्या वह्या पाहतो. प्रयोगशाळेची साठा नोंदवही दोघांनी मिळून कपाट उघडून पडताळावी आणि तिथेच सह्या कराव्यात. बाई गेल्यावर फुटक्या ब्युरेटचा हिशोब कुणाला सांगता येत नाही, आणि ना-देणे प्रमाणपत्रही त्यावर अडते.

हजेरीपत्रक, गुणांच्या नोंदी, टाचण वही हे कागद शाळेकडे राहतातच. कुठल्याच रकान्यात न मावणारी माहिती वर्गशिक्षिकेकडे असते. कोण मुलगी बस चुकली की पहिला तास बुडवते, कुणाला फळा दिसत नाही पण चष्मा लावायची लाज वाटते, कुणाच्या घरी वडिलांऐवजी मामांना फोन करायचा. हे पत्राला जोडू नये. ते पत्र संस्थेच्या फायलीत जाते, चार जण वाचतात. नव्या वर्गशिक्षकाला शेजारी बसवून ते तोंडी सांगावे. त्यासाठी आराखड्यात शेवटच्या पंधरवड्यातले दोन तास राखून ठेवावेत, आणि त्याच पंधरवड्यात नव्या शिक्षकाने बाईंच्या एक-दोन तासांना मागच्या बाकावर बसावे.

एक गोष्ट व्यवस्थापनानेही ध्यानात घ्यावी. पुढच्या तारखेपासून लागू होणारा राजीनामा ती तारीख येण्याआधी मागे घेता येतो, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली गोपाल चंद्र मिश्र प्रकरणात मान्य केले. तिथे प्रश्न उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांच्या राजीनाम्याचा होता. शाळेतही नोटिशीच्या काळात घरची अडचण सुटून बाई थांबायचे ठरवू शकतात. म्हणून १ ऑगस्टलाच दहावी ‘ब’चे वेळापत्रक बदलण्याची घाई करू नये. ३१ ऑक्टोबरपर्यंत हजेरी बाईंनीच घ्यावी, आणि कार्यमुक्तीचा आदेश त्या दिवशी शाळा सुटताना द्यावा.