सम संख्यांचा आयत

2, 4, 6, 8 या पहिल्या चार सम संख्यांची बेरीज 20 येते, म्हणजे 4 गुणिले 5. त्यांत 10 मिळवले की 30, म्हणजे 5 गुणिले 6. पहिल्या n सम संख्यांची बेरीज n(n+1) असते, हे आपल्याला बहुधा अंकगणिती श्रेढीच्या सूत्रात किमती घालून मिळते. उत्तर बरोबर येते, पण ते तसेच का यावे हे त्यातून कळत नाही. माझे म्हणणे असे, की हे 'का' प्राचीन ग्रीकांच्या खड्यांच्या मांडणीत जवळजवळ पूर्ण उलगडलेले होते. त्याला सिद्धता म्हणता येईल अशी भाषा मात्र पुष्कळ उशिरा आली.

पायथागोरसच्या अनुयायांची मांडणी अशी: दोन खडे शेजारी ठेवा. हा 1 बाय 2 चा आयत झाला. त्याच्या लगतच्या दोन बाजूंना काटकोनी पट्टी लावायची तर चार खडे लागतात आणि आयत 2 बाय 3 होतो. पुढच्या पट्टीला सहा लागतात आणि तो 3 बाय 4 होतो. दर वेळी बरोबर दोनच खडे जास्त का लागावेत? कारण आधीच्या पट्टीने आयताची लांबी आणि रुंदी दोन्ही एकेकाने वाढवलेल्या असतात. आयत n बाय n+1 असेल, तर पट्टीला एका बाजूसाठी n, दुसऱ्या बाजूसाठी n+1 आणि कोपऱ्यासाठी एक, असे 2n+2 खडे हवेत. नेमकी हीच पुढची सम संख्या. सुरुवात दोनाऐवजी एका खड्याने केली, तर पट्ट्या 3, 5, 7 च्या होतात आणि चौरस मिळत जातात. चौरसांचा आकार कधी बदलत नाही. आयतांच्या बाजूंचे गुणोत्तर मात्र 1:2, 2:3, 3:4 असे सरकत राहते आणि पुन्हा कधीच तेच येत नाही. ॲरिस्टॉटलने नोंदवलेल्या पायथागोरसपंथीयांच्या विरोधी जोड्यांत मर्यादित, विषम आणि चौरस एका बाजूला, तर अमर्याद, सम आणि लांबट आयत दुसऱ्या बाजूला आहेत. त्यामागे हे निरीक्षण असावे, असे मला वाटते.

आपल्याकडे भास्कराचार्यांच्या 1150 मधल्या 'लीलावती'त 1 पासून n पर्यंतच्या बेरजेचा नियम आहे: संख्येला एकाने मोठ्या संख्येने गुणा आणि निम्मे करा. प्रत्येक पद दुप्पट केले की सम संख्या मिळतात आणि ते निम्मे करणे उरत नाही. वाट निराळी असली तरी शेवट तोच आयत, कारण 1 ते n खड्यांच्या दोन पायऱ्या उलटसुलट जोडल्या की n बाय n+1 चीच आकृती होते.

यावर एक आक्षेप गंभीर आहे: आकृती चार-पाच टप्पेच दाखवते, मग शंभराव्याची खात्री काय? ही शंका पोकळ नाही. याच बेरजांत 41 मिळवून पाहा. 41, 43, 47, 53, 61 अशा मूळ संख्या येत राहतात. ऑयलरने 1772 मध्ये लक्ष वेधलेल्या सूत्राचेच हे रूप आहे. n शून्यापासून 39 पर्यंत वाढवला तरी नियम एकदाही मोडत नाही. 40 ला मात्र 40×41+41, म्हणजे 41 चा वर्ग 1681 येतो आणि तो मूळ नाही. तेव्हा सलग चाळीस उदाहरणे जुळली, एवढ्यावर काहीच सिद्ध होत नाही.

पण खड्यांच्या मांडणीची ताकद उदाहरणांच्या संख्येत नाही. पट्टी मोजताना आपण आयत कितवा आहे हे कुठे वापरलेच नव्हते. वापरली ती फक्त 'एक बाजू दुसरीहून एकाने मोठी' ही गोष्ट, आणि पट्टी लावल्यावरही ती टिकते. 41 च्या खेळात एका मूळ संख्येवरून पुढची मूळ असलीच पाहिजे असे म्हणायला असा कोणताही दुवा नाही. पास्कालने अंकगणिती त्रिकोणावरच्या प्रबंधात, जो त्याच्या मृत्यूनंतर 1665 मध्ये छापला गेला, हा विचार स्पष्ट मांडला: प्रकरणे अनंत असली तरी दोन गोष्टी पुरतात. विधान पहिल्या ठिकाणी खरे असावे, आणि एका ठिकाणी खरे असल्यास पुढच्या ठिकाणीही ते खरेच ठरावे. यालाच आज गणिती विगमन म्हणतात.

या रीतीवर उलटा आक्षेपही घेतला जातो, की ती खात्री देते पण कारण सांगत नाही. मला तो पटत नाही. n(n+1)+2(n+1) = (n+1)(n+2) ही ओळ नीट वाचली तर ती सांगते, की n+1 खड्यांच्या n रांगा होत्या, तशाच आणखी दोन आल्या, म्हणून आता n+2 रांगा झाल्या. हे कारणच आहे. खड्यांच्या मांडणीत न बोलता राहिलेली एक अट मात्र विगमनाने उघड केली. बेरीज n(n+1)+7 असते असे कोणी म्हटले, तरी पुढे नेणारी पायरी तितकीच बिनचूक चालते: दर वेळी 2n+2 ची भर पडते आणि बाजूला पडलेले सात खडे तसेच राहतात. हा दावा मोडतो तो फक्त पहिल्या आयतापाशी, जिथे 2 ऐवजी 9 खडे लागतात.