बिलाची ओळ आणि हातातली स्ट्रिप

औषधांच्या दुकानातली खरेदीची नोंद माझ्याकडे असते. स्टॉकिस्टचं बिल येतं, खोके फोडले जातात आणि एकेक ओळ संगणकात चढते: औषधाचं नाव, पॅकिंग, बॅच, एक्सपायरी, एमआरपी, रेट, स्कीम, जीएसटी. इतकी वर्षं या ओळी वाचून एक गोष्ट पक्की झाली आहे. ओळीतले काही आकडे एकमेकांची साक्ष देतात. काहींची साक्ष कागदावर कुठेच मिळत नाही, आणि धोका नेमका त्यांच्यात असतो.

साक्ष देणारे आधी. समजा, एका औषधाचा रेट ८० रुपये, जीएसटी ५ टक्के आणि एमआरपी १०५ रुपये आहे. एमआरपीत कर धरलेला असतो, रेटमध्ये नसतो. म्हणून १०५ मधून कर काढला की १०० उरतात, आणि त्यातून दुकानदाराचे रूढ २० टक्के काढले की ८० येतात. सरकारी दरनियंत्रणाबाहेरच्या ब्रँडेड औषधांना हा हिशेब बहुधा लागू पडतो. दरनियंत्रणातल्या औषधांचं मार्जिन वेगळं असतं आणि जेनेरिकमध्ये तर रेट आणि एमआरपी यांत पुष्कळ अंतर असतं, त्यामुळे तिथे हा ताळा चालवू नये. पण नेहमीच्या औषधाचा ताळा अचानक चुकला, तर त्या ओळीपाशी थांबावंच.

२२ सप्टेंबर २०२५ रोजी बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हा असं थांबण्याची वेळ वारंवार आली. एकाच औषधाच्या दोन ओळी यायच्या. दोन्हींचा रेट ८०, दोन्हींवर कर ५ टक्के, पण एकीची एमआरपी १०५ आणि दुसरीची ११२. दुसरी ओळ चुकीची वाटते, पण ती जुन्या बॅचची असते. १०० वर १२ टक्के कर धरून तिच्या स्ट्रिपवर ११२ छापलं गेलं होतं. माल जुना असला तरी गिऱ्हाइकाकडून घ्यायचे १०५च. अशा वेळी दोन बॅच एका ओळीत कोंबण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण मग कुठल्या स्ट्रिपवर काय छापलंय आणि ती कितीला विकायची, हे नोंदीवरून कळेनासं होतं.

स्कीमचंही तसंच. दहावर एक फ्री असेल तर साठ्यात अकरा स्ट्रिप चढतात, पण पैसे आणि कर दहांवरच. ८०० रुपये आणि त्यावर ४० रुपये जीएसटी. बिलात दोन टक्के सूट असेल तर रक्कम ७८४ होते आणि कर ३९ रुपये २० पैसे. सूट करापूर्वी कापली की नंतर, असा गोंधळ पडला तर ५ टक्क्यांच्या ओळीत कराची वीसपट करून पाहावी. जी रक्कम येते, तिच्यावरच कर लागलेला असतो.

पॅकिंगकडे मात्र फारसं कुणी बघत नाही. १०५ रुपयांची स्ट्रिप पंधरा गोळ्यांची असेल तर गोळी सात रुपयांना पडते. नोंदीत दहाची स्ट्रिप लिहिली गेली, की सुट्या गोळ्या घेणाऱ्या माणसाला तीच गोळी साडेदहाला जाते. खरेदीची बेरीज पैशापैशाला जुळलेली असते, म्हणून हिशेबात हे कधीच उघडं पडत नाही. भुर्दंड बसतो तो पुरी स्ट्रिप न परवडणाऱ्याला. मला हे फार लागतं.

आणि मग बॅच आणि एक्सपायरी. यांचा कुठल्याच गणिताशी संबंध नाही. स्टॉकिस्टकडे बिल करणारा संगणकावरच्या यादीतून एक बॅच निवडतो आणि माल काढणारा फळीवरून दुसऱ्याच बॅचचा खोका उचलतो. बिल निर्दोष दिसतं, माल वेगळा असतो. हे कळायला स्ट्रिप हातात घेऊनच वाचावी लागते, तीही उजेडात, कारण धातूच्या पत्र्यावर उमटवलेला ८ आणि बी किंवा शून्य आणि ओ सहज फसवतात. एक्सपायरी ०८/२६ असेल तर ते औषध ऑगस्टच्या शेवटच्या दिवसापर्यंत चालतं. पण बिलावर ०८/२७ असेल आणि स्ट्रिपवर ०८/२६, तर संगणक आणखी वर्षभर ते औषध विक्रीयोग्य दाखवत राहील. एखादा बॅच दर्जाहीन ठरला आणि परत मागवला गेला, तरी शोध नोंदीतूनच घेतला जातो. तिथे चुकीचा बॅच असेल तर आपल्याकडे तो माल नाहीच, असं उत्तर मिळतं आणि तो फळीवर तसाच राहतो.

म्हणून फरक दिसला की मी बिलावर पेनने दुरुस्ती करून पुढे जात नाही. त्याच दिवशी स्टॉकिस्टला फोन करून बिल बदलून घेते. मुदत संपलेला माल परत करताना तो आपल्याकडच्या बिलातला बॅच बघतो, आणि तिथे तो बॅच नसला तर ते पैसे दुकानाच्याच अंगावर पडतात.