‘नीडफुल’ म्हणजे नेमकं काय करायचं?

समजा, चाकणमधला एक सुटे भाग पुरवणारा कारखाना बर्मिंगहॅमच्या ग्राहकाला मेल पाठवतो : ‘वी हॅव अ डाउट इन ड्रॉइंग रिव्हिजन सी. वेटिंग सिन्स टेन डेज. काइंडली डू द नीडफुल अँड रिव्हर्ट.’ चाकणमध्ये या तीन वाक्यांत कुणालाच काही खटकणार नाही. ड्रॉइंगबद्दल एक शंका आहे, दहा दिवसांपासून वाट पाहतोय, कृपया योग्य ते करून कळवा, एवढाच त्यांचा अर्थ.

बर्मिंगहॅममध्ये मात्र तोच मेल वेगळा वाचला जाऊ शकतो. मराठीत शंका विचारायची असते, म्हणजे ती प्रश्नाच्या जवळची. तिकडच्या इंग्रजीत ‘डाउट’ अविश्वासाच्या जवळ जातो. त्यामुळे ‘तुमचं ड्रॉइंग बरोबर आहे असं आम्हाला वाटत नाही’ असा सूर लागतो. ‘रिव्हर्ट’चा रूढ अर्थ पूर्वस्थितीवर जाणं. जिथे आवृत्ती सी-बद्दल बोलणं चाललं आहे, तिथे ‘पुन्हा बी वापरा’ असा अर्थ कुणी काढला, तर त्याला दोष देता येत नाही. ‘काइंडली’ हा आपल्या ‘कृपया’सारखा निरुपद्रवी शब्द राहिलेला नाही. आजच्या ब्रिटनमध्ये तो बऱ्याचदा तंबी देताना वापरतात. आणि ‘नीडफुल’ म्हणजे काय, हे तर मेलमध्ये कुठेच सांगितलेलं नाही.

या शब्दप्रयोगाला सरसकट ‘चुकीचं भारतीय इंग्रजी’ म्हणणं योग्य नाही. ‘डू द नीडफुल’ अस्सल ब्रिटिश आहे. अठराव्या शतकापासून इंग्रज ते लिहीत होते. विसाव्या शतकात तिकडे ते मागे पडलं, आपल्या कचेऱ्यांत मात्र टिकलं. टिकण्याचं एक कारण मराठी-हिंदी कार्यालयीन भाषेत सापडतं. ‘आवश्यक ती कार्यवाही करण्यात यावी’ आणि ‘आवश्यक कार्रवाई करें’ हे साचे हाताशी असलेल्याला ‘नीडफुल’ आपोआप सुचतो.

‘आवश्यक ती कार्यवाही करण्यात यावी’ या साच्यात कर्ता नसतो, मुदत नसते, कामाचं नावही नसतं. सरकारी पत्रात ते खपून जातं, कारण उरलेली माहिती पत्राच्या अवतीभवती असते. वर विषय आणि संदर्भ क्रमांक, सोबत फाइल, फाइलवर आधीचे शेरे, आणि पत्र ज्याच्या टेबलावर येतं त्याचं काम ठरलेलं. ‘आवश्यक ते’ म्हणजे काय, हे त्या माणसाला फाइल उघडताच कळतं. परक्या देशातल्या ग्राहकाच्या इनबॉक्समध्ये यातलं काहीच नसतं. वाक्य तेवढं जातं, फाइल इथेच राहते.

म्हणून ‘नीडफुल’ काढून त्या जागी ‘नेसेसरी ॲक्शन’ लिहिल्याने काही साधत नाही. पोकळी तशीच राहते. आधी मराठीतलं वाक्य कर्त्यासह पुरं करावं लागतं : कोणी, काय, कधीपर्यंत. वरच्या मेलमागची खरी अडचण अशी धरू : ड्रॉइंगच्या समोरच्या दृश्यात भोकाचा व्यास 12 मिलिमीटर दाखवला आहे आणि छेदात 10. मग मेल असा होतो : ‘ऑन ड्रॉइंग रिव्हिजन सी, द फ्रंट व्ह्यू शोज अ ट्वेल्व्ह-मिलिमीटर होल, बट द सेक्शन शोज टेन. कुड यू प्लीज कन्फर्म विच इज करेक्ट? वी नीड युअर आन्सर बाय फ्रायडे टू स्टार्ट मशीनिंग.’ यात ‘डाउट’ला जागाच उरली नाही, कारण प्रश्न स्वतःच समोर आला. ‘रिव्हर्ट’ही लागला नाही, कारण उत्तर कधी हवं ते सांगितलं आहे.

आपल्या भाषेतून येणाऱ्या सगळ्याच लकबी इतक्या महाग पडत नाहीत. मराठीत ‘पासून’ दोन्हीकडे चालतो, ‘सोमवारपासून’ आणि ‘दहा दिवसांपासून’. इंग्रजीत सोमवारला ‘सिन्स’ लागतो, दहा दिवसांना ‘फॉर’. ‘च्याबद्दल चर्चा’ डोक्यात असल्याने ‘डिस्कस अबाउट’ लिहिलं जातं, ‘आजच’मधल्या ‘च’मुळे ‘टुडे इटसेल्फ’. वाचणाऱ्याला हे खटकेल, पण त्याचा गैरसमज होणार नाही. नव्या माणसाला शिकवताना हा फरक पाळायला हवा. अनेक कार्यालयांत ‘अबाउट’ला लाल रेघ मिळते आणि ‘प्लीज डू द नीडफुल’ व्याकरणशुद्ध म्हणून सुटतं.

पुण्याहून नागपूरच्या शाखेला जाणाऱ्या मेलमध्ये ‘नीडफुल’ राहिला तर बिघडत नाही. दोन्ही टोकांना तोच साचा माहीत आहे, आणि बहुधा फाइलही. मात्र तोच मेल पुढे परदेशी ग्राहकाकडे ‘फॉरवर्ड’ होणार असेल, तर पाठवणाऱ्याने ‘नीडफुल’पाशी थांबून कामाचं नाव, करणाऱ्याचं नाव आणि तारीख तिथेच घालावी.