वर्कशॉप बंद झाल्यावरचा निरोप

भोसरी, अंबड किंवा शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत जॉबवर्क करणारं छोटं वर्कशॉप बंद झालं, की मालक बहुतेक वेळा ओळखीच्या माणसांपासूनच दूर जातो. फोन उचलले जात नाहीत, असोसिएशनच्या बैठकीला जाणं थांबतं, कुणी गाठून विचारलंच तर ‘सध्या काम जरा मंद आहे’ असं सांगून विषय बदलला जातो. ही लाज कुठून येते हे समजतं. नोकरी गेलेल्या माणसाबद्दल लोक हळहळतात. धंदा बंद केलेल्याच्या मात्र हिशेबाची, स्वभावाची, अगदी घरखर्चाचीही चर्चा होते. पण या गप्प राहण्याने झाकलं काहीच जात नाही. उलट ज्या दोन-तीन महिन्यांत ओळखींचा सर्वाधिक उपयोग होऊ शकतो, तेच महिने वाया जातात. म्हणून वर्कशॉप बंद झाल्याचं आपणच, वेळेत आणि सरळ शब्दांत कळवावं, असं माझं मत आहे.

झाकलं जात नाही म्हणजे काय, ते आधी पाहू. जीएसटीच्या पोर्टलवर कुणाचाही नोंदणी क्रमांक टाकला की त्याची सद्यस्थिती दिसते. त्यासाठी लॉग-इनही लागत नाही. ज्या कंपनीला आपण बिलं लावत होतो, तिचा अकाउंटंट करवजावटीसाठी हे तपासतोच. मालकाने स्वतः अर्ज करून नोंदणी रद्द केली असेल तर तिथे ‘Cancelled on application of Taxpayer’ दिसतं. तो नुसताच गप्प बसला आणि महिनोन्‌महिने विवरणपत्रं भरली नाहीत, तर अधिकारी आपणहून नोंदणी रद्द करतो आणि तिथे ‘Cancelled suo-moto’ दिसतं. पहिल्या नोंदीवरून वाचणाऱ्याला कळतं की माणसाने कारभार आवरून घेतला. दुसरीवरून तो सोडून गेला असा समज होतो, मग खरी परिस्थिती काहीही असो. रिकाम्या गाळ्यासमोरून रोज जाणारा टेम्पोवाला, टूल-इन्सर्ट पुरवणारा, हीट ट्रीटमेंटवाला यांना पोर्टलचीही गरज नसते. बातमी पोचलेलीच असते. आपण कळवलं नाही तर कारण मात्र ऐकणारा आपल्या कल्पनेने भरतो.

कळवायचं कुणाला, याचं उत्तर मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाच्या १९७३च्या प्रसिद्ध निबंधात सापडतं. बॉस्टनच्या एका उपनगरात ओळखीतून नोकरी मिळवलेल्या माणसांना त्याने विचारलं, की ज्याने ही जागा सुचवली त्याला तुम्ही किती वेळा भेटत होता? सतत भेटणाऱ्यांकडून माहिती मिळालेले सहात एक होते. निम्म्याहून अधिकांना ती अधूनमधून भेटणाऱ्यांकडून मिळाली होती, तर चौथ्या हिश्शाहून अधिकांना क्वचित भेटणाऱ्यांकडून. कारण सोपं आहे. जिवलग मित्राला जे माहीत असतं ते बहुधा आपल्यालाही माहीत असतं. दूरच्या ओळखीचा माणूस वेगळ्या वर्तुळात वावरतो. वर्कशॉपवाल्याच्या बाबतीत हा माणूस म्हणजे चार वर्षांपूर्वी एका जॉबसाठी आलेला क्वालिटी इंजिनिअर किंवा आता दुसऱ्या कंपनीत गेलेला खरेदी अधिकारी. लाज वाटते म्हणून आपण घरच्यांना आणि दोन मित्रांना सांगून थांबतो. ते धीर देतात, पण काम कुठे निघालं आहे हे त्यांनाही ठाऊक नसतं.

आता एक नमुना घेऊ. दोन व्हीएमसी मशीनचं वर्कशॉप आहे, सत्तर टक्के काम एकाच गिऱ्हाइकाचं, आणि त्या गिऱ्हाइकाने ते काम स्वतःच्या प्लांटमध्ये घेतलं. मालकाने जुन्या ओळखीच्या क्वालिटी इंजिनिअरला असा निरोप पाठवावा: ‘नमस्कार साहेब. ३१ मार्चला आम्ही वर्कशॉप बंद केलं. बहुतेक काम एकाच कंपनीचं होतं, ते त्यांनी आत घेतलं, आणि उरलेल्या कामात मशीनचे हप्ते निघत नव्हते. तुमची दोन फिक्स्चर आणि ड्रॉइंग माझ्याकडे आहेत, ती या आठवड्यात पोचवतो. अ‍ॅल्युमिनियम कास्टिंगच्या मशीनिंगमध्ये प्रोसेसचं किंवा व्हेंडर डेव्हलपमेंटचं काम मी शोधतो आहे. असं काम कुणाकडे निघतं हे ठाऊक असेल तर नाव कळवा. तुमचा संदर्भ देऊन बोललो तर चालेल ना?’ यात कारण एका वाक्यात आलं आणि गिऱ्हाइकावर राग काढला नाही. आपण एकाच कंपनीवर विसंबून होतो, हे न लपवता सांगितलं. फिक्स्चरचं वाक्य तर साऱ्या आश्वासनांपेक्षा मोलाचं, कारण बंद वर्कशॉपमध्ये आपला माल अडकेल ही धास्ती प्रत्येक गिऱ्हाइकाला असते. मागणीही नेमकी आहे. ‘काही असेल तर बघा’ म्हटलं, की काय बघायचं हे समोरच्याला कळत नाही. नाव मागितलं तर तो दोन मिनिटांत देऊ शकतो.

पण इथे एक आक्षेप निघतो, आणि तो वजनदार आहे. बंद झाल्याचं कळलं की ज्यांच्याकडे आपलं येणं आहे ते शेवटची बिलं दाबून ठेवतात, रिजेक्शनच्या नावाखाली रकमा कापतात. ज्यांचं देणं आहे ते एकाच वेळी दारात येतात. हे खरंच घडतं. म्हणून क्रम सांभाळावा लागतो. आधी प्रत्येक गिऱ्हाइकाकडून खातेउतारा जुळवून बाकीची लेखी कबुली घ्यावी. हे दरवर्षी होणारं साधं काम आहे, त्यात कुणाची फसवणूक नाही. सूक्ष्म-लघु उद्योगांविषयीच्या २००६च्या कायद्यात पैसे देण्याला जास्तीत जास्त ४५ दिवसांची मुदत आहे. नोंदणीकृत पुरवठादाराला तिचा आधार घेता येतो आणि कबुली हातात असेल तर दावा टिकतो. मग ज्यांचं देणं आहे त्यांना फोन करावा, रक्कम आणि झेपेल तेवढाच हप्ता सांगावा. एकल मालकीच्या धंद्यात देणं मालकाच्या अंगावरच राहतं, तेव्हा धंदा संपला म्हणजे देणं संपलं असा सूर चुकूनही लावू नये. ज्याचे पैसे थकले आहेत त्याच्याकडे त्याच फोनवर कामाची विचारणाही करू नये. हे झाल्यावर बाकीच्यांना निरोप. चेक न वटल्याची नोटीस आली असेल किंवा बँकेशी वाद चालू असेल, तर मात्र आधी वकील, आणि निरोपात बंद झाल्याची तारीख यापलीकडे काही नको. प्रामाणिकपणा म्हणजे प्रत्येकाला सगळं सांगणं नव्हे. जे सांगू ते खरं असावं, एवढं पुरे.

दुसरा आक्षेप असा, की पडलेला माणूस म्हणून ओळखले गेलो तर पगारही पडेल किमतीचा मिळतो. काही ठिकाणी मिळेलही. पण वर्कशॉपच्या वर्षांची जागा रिकामी सोडलेला अर्ज याहून स्वस्तात जातो, आणि खोटं सांगून मिळवलेली नोकरी पहिल्या चौकशीत अडचणीत येते. शिवाय पिढीजात व्यापारी घरांत पडलेल्याला उभं करणारी जातगोताची जाळी असते. पहिल्या पिढीच्या मराठी उद्योजकाकडे ती सहसा नसते. त्याच्या ओळखी कामातून झालेल्या असतात, आणि त्या ज्या कामामुळे जुळल्या तेच काम बंद झालं हे न सांगता त्यांच्याकडे जायला दुसरी वाट नाही.

निरोपात आणखी एक वाक्य घालता येतं: ‘माझ्याकडचा सेटर आणि ऑपरेटर दोघं रिकामे आहेत, दोघांनाही फॅन्युक कंट्रोलरची सवय आहे.’ चांगल्या सेटरची टंचाई प्रत्येक शॉप-फ्लोअरवर असते, म्हणून अनेकदा उत्तर आधी या वाक्याला येतं आणि मालकाच्या कामाची बोलणी त्या फोनवरून पुढे सुरू होतात. मात्र हे पहिल्या पंधरवड्यात व्हायला हवं. त्यानंतर ते दोघं आपापली सोय लावून निघून गेलेले असतात.