वजनकाटा आणि कमरेची टेप

दोन वर्षांच्या खंडानंतर जिममध्ये परतलेला माणूस म्हणतो, आधी पोट उतरवू, स्नायूंचं मग बघू. माझ्या मते हा हिशेब उलटा आहे. खंडात आटलेला स्नायू नव्याने कमवायच्या स्नायूपेक्षा लवकर परत येतो. ओस्लोच्या संशोधकांनी २०१० मध्ये उंदरांवर दाखवलं की ताण देऊन वाढवलेल्या स्नायुतंतूंतली जादा केंद्रकं तंतू आटल्यावरही टिकून राहतात. माणसात कारण हेच की दुसरं, यावर वाद आहे. लवकर परत येणं मात्र जिममध्ये नेहमी दिसतं. ही सवलत पहिल्या काही महिन्यांचीच. नेमक्या त्याच काळात जेवण निम्म्यावर आणलं, तर ती फुकट जाते.

कमी खाऊन स्नायू वाढेलच कसा, असं कुणी विचारेल. ऊर्जेची तूट अंगावरची चरबी भरून काढते. बांधकामाचा माल, म्हणजे प्रथिनं, तेवढा ताटातून यावा लागतो. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात तरुणांना चार आठवडे गरजेपेक्षा ४० टक्के कमी ऊर्जा देऊन कसून व्यायाम करवला. किलोमागे २.४ ग्रॅम प्रथिनं घेणाऱ्यांचं चरबी सोडून उरलेलं वजन सुमारे सव्वा किलो वाढलं, १.२ ग्रॅमवाल्यांचं होतं तिथंच राहिलं. पण ते तरुण होते आणि देखरेखीखाली होते. नोकरी सांभाळून जिमला जाणाऱ्याने इतकी तूट घेऊ नये. त्याचं वजन ८० किलो आणि रोजची गरज २४०० कॅलरी धरली, तर २१०० खाव्यात आणि त्यात सुमारे १३० ग्रॅम प्रथिनं असावीत. वरण-भातावर हा आकडा गाठता येत नाही. वाटीभर वरणात सातआठ ग्रॅमच मिळतात, म्हणून अंडी, पनीर, सोयाबीनच्या वड्या मोजूनच घ्याव्या लागतात.

चरबी उतरवायची तर हलकं वजन आणि भरपूर रेप्स, हा जिममधला जुना समज. स्नायू टिकवायला मात्र जड वजन उचलत राहणं चांगलं, फक्त पहिल्या दिवसापासून नव्हे. पूर्वी १०० किलोचा स्क्वॉट पाच वेळा मारणाऱ्याने ५५-६० किलोंवर सुरुवात करावी, दोनतीन रेप्स हातात राखून थांबावं आणि दर आठवड्याला अडीच ते पाच किलो वाढवावेत. स्नायू लवकर सावरतो, कंडरा मागे राहते. गुडघा-खांद्याची दुखणी बहुधा या तफावतीतून येतात.

खरी अडचण काट्याची. व्यायाम सुरू होताच स्नायूंत ग्लायकोजन साठतं आणि स्वतःच्या वजनाच्या तिपटीएवढं पाणी सोबत धरून ठेवतं. त्यामुळे पहिल्या महिन्यात काटा हलत नाही, क्वचित वरही जातो, आणि घाबरलेला माणूस भाकरी बंद करतो. त्यापेक्षा दर रविवारी सकाळी उपाशीपोटी बेंबीच्या रेषेत टेप लावावी. कंबर उतरतेय आणि बारवरचं वजन चढतंय, तर काटा काहीही म्हणो, जेवणाला हात लावू नये. चार आठवडे कंबर जागची हलली नाही, तर दीडशे कॅलरी कमी कराव्यात. पण स्क्वॉट सलग दोन आठवडे घसरला आणि वजनही आठवड्याला किलोभर उतरत असलं, तर झोप नीट होतेय ना ते पाहावं आणि काढलेली भाकरी ताटात परत घ्यावी.